आपला संघ, परका संघ

इंग्लंडच्या वायव्य भागांत लिव्हरपूल आणि मँचेस्टर अशीं दोन शहरें आहेत. दोहोंमधील अंतर अवघें ३५ मैल, म्हणजे बोरीबंदरावरून कल्याण गांठावें एवढेंच. मुंबईकरांना हीं नांवें पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचीं आहेत. कारण १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां तेथील कापूस अडला आणि आपल्याकडील कापसाच्या गांठी लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाऊं लागल्या. मुंबईंत त्या चार-पांच वर्षांत जो पैशाचा पूर आला आणि पुढें ओसरला, त्याचा उगम याच दोन शहरांमधील मालवाहतुकींत होता. एक शहर बंदराचें, दुसरें गिरण्यांचें. एकाचें दुसऱ्यावांचून चालत नसे. आणि नेमकें म्हणूनच दोघांमध्यें बेबनाव होता. बंदराची जकात आपल्याला जाचते अशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची तक्रार होती. त्यांनीं अखेर समुद्रापासून आपल्या शहरापर्यंत ३६ मैलांचा कालवा खणविला आणि १८९४ सालीं तो खुला झाल्यावर मोठमोठीं जहाजें लिव्हरपूलला वळसा घालून थेट मँचेस्टरला येऊं लागलीं.

त्याच वर्षीं, एप्रिल महिन्यांत, या दोन शहरांचे फुटबॉल-संघ प्रथमच समोरासमोर उभे राहिले. मँचेस्टरच्या बाजूनें खेळणारा संघ तेव्हां न्यूटन हीथ या नांवानें ओळखला जात असे. तो तेथील रेल्वे-कारखान्यांतील कामगारांनीं उभारलेला होता. लिव्हरपूलनें त्याला दोन गोलांनीं हरविलें आणि त्या पराभवासरशीं न्यूटन हीथची रवानगी खालच्या वर्गांत झाली. १९०२ सालीं या संघानें मँचेस्टर युनायटेड हें नांव घेतलें. त्याच्या बोधचिन्हावर आजही एक शिडाचें जहाज आहे. समुद्रापासून इतक्या आंत असलेल्या शहराच्या संघानें जहाज मिरवावें, हें लिव्हरपूलकरांच्या डोळ्यांत सलत असल्यास नवल नाहीं.

आतां कालव्यावरून बोटी येण्याचे दिवस गेले, गिरण्याही गेल्या. कापसाच्या जकातीवरून आज कोणी कोणाशीं भांडत नाहीं. तरीही हे दोन संघ खेळतात त्या दिवशीं दोन्ही शहरांत वातावरण तापलेलें असतें. आणि १९६४ सालीं फिल चिस्नल नांवाचा खेळाडू मँचेस्टर युनायटेडकडून लिव्हरपूलकडे गेला, त्यानंतर साठ वर्षांत या दोन संघांनीं एकमेकांशीं खेळाडूंचा थेट सौदा म्हणून केला नाहीं. पाठीराख्याचें कोडें येथेंच सुरू होतें. मैदानावर जो धांवतो त्याला वेतन मिळतें, जो संघाचा मालक आहे त्याला नफा मिळतो. परंतु गॅलरींत उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्याला काय मिळतें? तो तिकिटाचे पैसे देतो, पावसांत भिजतो, आणि संघ जिंकला कीं घरीं येऊन सांगतो, “आम्ही जिंकलों.” या ‘आम्ही’मध्यें त्याचा स्वतःचा एकही पाय चेंडूला लागलेला नसतो.

हा ‘आम्ही’ अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनीं बारकाईनें पाहिला. त्यांचा निबंध १९७६ सालचा आहे. विद्यापीठाच्या संघानें शनिवारीं सामना जिंकला असेल तर सोमवारीं वर्गांत विद्यापीठाचें नांव छापलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढलेली असे. विद्यार्थ्यांशीं टेलिफोनवर बोलतांना असेंही आढळलें कीं, विजयाची हकीकत सांगतांना तोंडीं ‘आम्ही’ येई आणि पराभवाची सांगतांना ‘ते’. त्यांतही गंमत अशी कीं, ज्यांना नुकतेंच एका लहानशा परीक्षेंत नापास झाल्याचें सांगितलें होतें, त्यांच्याच बोलण्यांत हा फरक अधिक दिसे. आपल्या किमतीला धक्का बसला असतां मनुष्य संघाच्या किमतींतून तिची भरपाई करूं पाहतो, असा त्याचा अर्थ लागतो.

पण संघाची किंमत ती आपली किंमत, हें समीकरण मनांत जुळतें तरी कसें? या प्रश्नाशीं ज्यानें आयुष्यभर झुंज घेतली त्या मनुष्याची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. हेन्री ताशफेल हा १९१९ सालीं पोलंडमध्यें एका ज्यू कुटुंबांत जन्मला. तो शिक्षणासाठीं फ्रान्सला गेला, महायुद्ध सुरू होतांच फ्रेंच सैन्यांत शिरला आणि १९४० सालीं जर्मनांच्या हातीं सांपडला. युद्धकैदी म्हणून त्यानें जीं वर्षें काढलीं, त्यांत आपण पोलंडमधील ज्यू आहों हें त्यानें कळूं दिलें नाहीं. त्याच्याशीं पहारेकऱ्याची वागणूक कशीही असती, तो मनुष्य म्हणून चांगला असता वा वाईट असता, तरी ती एक गोष्ट उघड झाली असती तर त्याचें मरण ठरलेलें होतें. युद्ध संपल्यावर तो परतला तेव्हां त्याच्या घरच्यांपैकीं आणि मित्रांपैकीं जवळजवळ कोणी उरलें नव्हतें. मनुष्याला त्याच्या गुणावगुणांनीं न ओळखतां तो कोणत्या गटाचा, एवढ्यावरून ओळखण्याची ही जी रीत, ती कोठून येते, याचा शोध त्यानें पुढें इंग्लंडमध्यें घेतला. ब्रिस्टल विद्यापीठांत तो प्राध्यापक होता.

त्याचा प्रयोग दिसावयास अगदीं पोरकट आहे. ब्रिस्टलच्या एका शाळेंतील चौदा-पंधरा वर्षांचीं ४८ मुलें त्यानें घेतलीं. त्यांना कांहीं चित्रांच्या प्रतिमा दाखविल्या आणि कोणतीं आवडलीं तें विचारलें. मग त्यांना सांगितलें कीं, तुमच्यापैकीं कांहींना क्ली या चित्रकाराचीं चित्रें आवडलीं व कांहींना कँडिन्स्कीचीं. वास्तविक ही वांटणी आवडीवरून नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्या तशी केलेली होती. आपण कोणत्या गटांत एवढेंच ज्याचें त्याला कळलें. आपल्या गटांत आणखी कोण आहे हें कोणालाच ठाऊक नव्हतें. गटानें एकत्र बसावें, बोलावें, खेळावें असेंही कांहीं नव्हतें. या दोन गटांमध्यें ना कालवा, ना जकात, ना जुनें वैर.

नंतर प्रत्येक मुलाला एकट्यानें बसवून इतर दोन मुलांमध्यें गुण वांटावयास सांगितलें. त्या गुणांचे मागाहून पैसे मिळावयाचे होते. ज्यांना द्यावयाचे त्यांचीं नांवें नव्हतीं. केवळ क्रमांक आणि गट लिहिलेला असे. स्वतःला कांहीं घेतां येत नव्हतें. वांटणीही मनास येईल तशी करावयाची नव्हती, तर छापलेल्या जोड्यांतून एक निवडावयाची होती. त्यांतली एक पट्टी आपण नीट पाहूं, कारण साऱ्या शास्त्राची मेख तेथें आहे. पट्टीच्या एका टोकाला आपल्या गटांतील मुलाला ७ आणि दुसऱ्या गटांतील मुलाला १ गुण मिळतो. तेथून प्रत्येक पायरीगणिक आपल्या मुलाचा एक गुण वाढतो, पण परक्याचे दोन वाढतात: ८ आणि ३, ९ आणि ५, असें करीत मध्यावर १३ आणि १३ अशी बरोबरी होते, आणि दुसऱ्या टोकाला आपल्याला १९ व परक्याला २५ मिळतात.

आतां आपल्या गटाचें भलें कशांत? साध्या हिशेबानें पाहिलें तर १९ हे सर्वांत अधिक. शिवाय दोघांची बेरीजही तेथेंच मोठी. न्यायी मनुष्य मधल्या १३-१३ वर थांबेल. पण ७ आणि १ कोणी कां निवडावे? तेथें आपल्या मुलाला सर्वांत कमी मिळतें. त्या टोकाचा एकच गुण आहे: आपण परक्याच्या पुढें सहा पावलें असतों. मुलांमध्यें न्यायाची ओढ पुष्कळ दिसली, हें सांगितलें पाहिजे, कारण तें सांगावयाचें पुष्कळदां राहून जातें. परंतु ती ओढ त्यांना मध्यावर धरून ठेवूं शकली नाहीं. त्यांच्या निवडी त्या ७ आणि १ च्या टोकाकडे झुकत होत्या. म्हणजे आपल्याचे चार-सहा गुण गेले तरी चालतील, पण परक्यापेक्षां ते अधिक असावेत, असा तो व्यवहार होता. १९७१ सालीं ताशफेल आणि त्याचे तीन सहकारी यांनीं हें प्रसिद्ध केलें, तेव्हां गटागटांतील पक्षपात हा नेहमीं कांहींतरी खऱ्या हितसंबंधांच्या भांडणांतूनच उपजतो, या समजुतीला मोठा हादरा बसला.

पुढें १९७९ मध्यें ताशफेल आणि त्याचा सहकारी जॉन टर्नर यांनीं यावर जी उपपत्ति बसविली, तिला सामाजिक अस्मितेची उपपत्ति म्हणावें. तिचें म्हणणें असें. ‘मी कोण’ या प्रश्नाचें उत्तर मनुष्य दोन प्रकारांनीं देतो. एक उत्तर त्याच्या स्वतःच्या स्वभावाचें आणि कर्तृत्वाचें असतें. दुसरें तो ज्या गटांत मोडतो त्याचें. प्रसंगानुसार कधीं पहिलें पुढें येतें, कधीं दुसरें. दुसरें पुढें आलें कीं गटाची प्रतिष्ठा हीच आपली प्रतिष्ठा होते. आणि प्रतिष्ठा ही एकट्यानें मोजतां येत नाहीं. ती मोजावयास शेजारी लागतो. म्हणून मनुष्य आपल्या गटाला दुसऱ्या गटाशेजारीं उभें करतो आणि आपलें पारडें जड दिसेल अशी खटपट करतो. येथें लिव्हरपूलच्या पाठीराख्याला दूरच्या एखाद्या संघापेक्षां ३५ मैलांवरचा संघ अधिक कां सलतो, त्याचा उलगडा होतो. ज्याच्याशीं तुलना होऊंच शकत नाहीं त्याच्यावर कोण रागावणार?

आणि पारडें हलकें झालें तर? तेव्हां पाठीराखे तराजूच बदलतात. लिव्हरपूलनें १९९० सालीं अठरावें लीग-अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां मँचेस्टर फार मागें होतें. त्यानंतर लिव्हरपूलला तीस वर्षें तें पद लाभलें नाहीं आणि २००९ सालीं मँचेस्टरनें अठराची बरोबरी केली, २०११ मध्यें ते एकानें पुढें गेले, २०१३ मध्यें वीस झालीं. या दुष्काळांत लिव्हरपूलचा पाठीराखा काय बोले? तो लीगच्या गोष्टीच काढीत नसे. युरोपांतील चषक किती, हें तो विचारी. कारण त्या चषकाच्या बाबतींत लिव्हरपूल पुढें होतें: २०१९ पर्यंत त्यांचे सहा झाले होते आणि मँचेस्टरचे तीन. २०२५ सालीं लिव्हरपूलनेंही विसावें लीग-अजिंक्यपद मिळविलें आणि तो तराजू पुन्हां कामाचा झाला. ताशफेल व टर्नर यांनीं अशा युक्तीचें वर्णन आपल्या उपपत्तींत करून ठेवलेलें आहे. आपण तिला लबाडी म्हणूं, पण तो पाठीराखा तसें मानीत नाहीं. त्याला नवा तराजूच खरा वाटतो.

एवढ्यानें एक गोष्ट स्पष्ट झाली नाहीं. गुणांच्या पट्टीवर खुणा करणें निराळें आणि जित्याजागत्या मनुष्याशीं वागणें निराळें. रस्त्यांत पाय मुरगळून पडलेला मनुष्य दिसला, तर त्याच्या अंगावरील सदऱ्याचा रंग पाहून कोणी थांबेल किंवा पुढें जाईल काय? २००५ सालीं मार्क लेव्हीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच प्रश्न सरळ विचारलेला आहे. तो प्रयोग लँकेस्टर विद्यापीठांत, म्हणजे याच वायव्य भागांत झाला.

त्यांनीं मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे असलेले विद्यार्थी निवडले. सगळे तरुण, सगळे पुरुष. प्रत्येकाला एकट्याला बोलावून त्याच्याकडून मँचेस्टरच्या संघाविषयीं प्रश्नावली भरून घेतली, त्या संघावरील त्याच्या प्रेमाविषयीं आणि इतर पाठीराख्यांशीं त्याचें काय साम्य आहे याविषयीं लिहवून घेतलें. हेतु हा कीं, ‘मी मँचेस्टरचा’ हें उत्तर मनांत वर यावें. मग त्याला सांगितलें कीं, पुढील भागांत फुटबॉलवरील एक चित्रपट पाहावयाचा आहे, परंतु पडदा मोठा लागत असल्यानें तो पलीकडच्या इमारतींत आहे. तेवढे तिकडे चालत जा. तो एकटाच निघे. वाटेंत एक तरुण धांवत येई, गवताच्या उतारावर त्याचा पाय घसरे आणि तो घोटा धरून वेदनेनें कण्हत पडे. हा अर्थातच प्रयोग करणाऱ्यांचा मनुष्य असे. त्याच्या अंगांत कधीं मँचेस्टरचा सदरा, कधीं लिव्हरपूलचा, तर कधीं कोणत्याच संघाचा नसलेला साधा सदरा असे. दोन्ही संघांचा सदरा मुख्यतः तांबडाच, परंतु पाठीराख्याच्या डोळ्याला त्यांतील फरक दुरूनही कळतो. विद्यार्थी थांबला का, विचारपूस केली का, हात दिला का, हें आडून पाहणारे निरीक्षक टिपून घेत. ज्यांना हें नाटक असल्याचा संशय आला त्यांना हिशेबांतून वगळलें.

उरलेल्या ३५ जणांचा हिशेब असा. पडलेल्याच्या अंगांत मँचेस्टरचा सदरा होता तेव्हां १३ पैकीं १२ जणांनीं मदत केली. साधा सदरा होता तेव्हां १२ पैकीं ४ जणांनीं, आणि लिव्हरपूलचा होता तेव्हां १० पैकीं ३ जणांनीं.

हे आंकडे ऐकून आपण चटकन्‌ म्हणाल, पाहा, वैऱ्याला मरूं दिला. परंतु क्षणभर थांबा आणि शेवटचे दोन आंकडे एकमेकांशेजारीं ठेवा. बारांत चार आणि दहांत तीन, हें प्रमाण जवळजवळ सारखेंच आहे. लिव्हरपूलच्या मनुष्याला साध्या अनोळखी मनुष्यापेक्षां कमी मदत मिळाली नाहीं. येथें कोणाचा द्वेष मोजला गेला नाहीं. मोजली गेली ती आपल्याविषयींची आस्था, जी परक्याच्या वांट्याला येत नाहीं. साध्या सदऱ्याचा मनुष्य ठेवला नसता, तर हा फरक कधींच उमगला नसता. माझ्या मतें या सबंध प्रयोगांतील सर्वांत शहाणपणाची तजवीज तीच आहे. वृत्तपत्रांत किंवा गप्पांत जेव्हां ‘अमक्यांनीं तमक्यांशीं भेदभाव केला’ असें आपण ऐकतों, तेव्हां हा तिसरा मनुष्य बहुधा कोणी विचारांत घेतलेला नसतो; आणि त्यामुळें आपल्यांना झुकतें माप देणें आणि परक्यांचा काटा काढणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टींना आपण एकच नांव देतों. या झुकत्या मापाला स्वगटपक्षपात म्हणतात. पडलेल्याच्या दृष्टीनें मात्र हें शास्त्रीय अंतर फारसें उपयोगाचें नाहीं, हेंही खरें. त्याचा घोटा दुखतच राहतो.

दुसरा प्रयोग पहिल्यासारखाच होता. फरक केला तो एकाच ठिकाणीं. विद्यार्थी पुन्हां मँचेस्टरचेच पाठीराखे. वाट तीच, घसरणारा मनुष्यही तसाच. परंतु आरंभीं त्यांना मँचेस्टरविषयीं कांहींच विचारलें नाहीं. त्यांना सांगितलें कीं, फुटबॉल-प्रेमी लोकांची दंगेखोर म्हणून फार बदनामी झालेली आहे. आम्हांला त्यांची चांगली बाजू अभ्यासावयाची आहे. आणि प्रश्न विचारले ते फुटबॉल-प्रेमी असणें म्हणजे काय, इतर फुटबॉल-प्रेमींशीं तुमचें काय नातें, यांविषयीं. आतां मनांत वर आलेलें उत्तर ‘मी मँचेस्टरचा’ हें नव्हतें, ‘मी फुटबॉलचा’ हें होतें.

या वेळीं मँचेस्टरच्या सदऱ्याला १० पैकीं ८ जणांनीं मदत केली आणि लिव्हरपूलच्या सदऱ्याला १० पैकीं ७ जणांनीं. पाऊण तासापूर्वीं ज्याला परका म्हटलें असतें, तोच आतां आपला झाला, आणि तोही कोणी उपदेश केल्यामुळें नव्हे. केवळ एका प्रश्नावलीचें शीर्षक बदलल्यामुळें. पण साध्या सदऱ्याच्या मनुष्याचें काय झालें? त्याला ९ पैकीं २ जणांनीं मदत केली. कुंपण पुढें सरकलें, मोडलें नाहीं. ज्याला फुटबॉलशीं कांहीं घेणेंदेणें नाहीं असा मनुष्य, जो पहिल्या खेपेस निदान लिव्हरपूलवाल्याच्या बरोबरीचा होता, तो आतां एकटाच बाहेर राहिला.

आतां या प्रयोगांवर किती भार टाकावा हें सांगितलें पाहिजे. संख्या फार लहान आहे. सर्व मंडळी एकाच विद्यापीठांतील तरुण पुरुष होते. सामना चालू नव्हता, आजूबाजूस गर्दी नव्हती, आणि मदत करण्यांत कांहीं धोका नव्हता. निर्मनुष्य वाटेवर ‘मी फुटबॉलचा’ हें भान जागवितां येतें. सामन्याच्या शेवटच्या पांच मिनिटांत, एका गोलाचा फरक असतांना, तें टिकेल असें या प्रयोगावरून म्हणतां येत नाहीं. लिव्हरपूलकडचे पाठीराखे घेऊन उलट बाजूनेंही तो केलेला नव्हता.

ताशफेलच्या मूळ प्रयोगालाही पुढें मुरड बसली. जपानांतील तोशिओ यामागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें एक शंका काढली. मुलांना स्वतःला गुण घेतां येत नव्हते हें खरें. पण त्यांना मिळणारे गुण इतर मुलांच्या हातीं होतेच ना? मग ‘मी आपल्यांना देतों, आपले मला देतील’ असा अबोल हिशेब प्रत्येकाच्या मनांत असूं शकेल. त्यांनीं कांहीं लोकांना त्यांची रक्कम अगोदरच ठरवून दिली, ती कोणाच्या निवडीवर अवलंबून ठेवली नाहीं. तेव्हां पक्षपात नाहींसा झाला. म्हणजे ‘आपला’ म्हटला कीं केवळ प्रतिष्ठेचा लोभ येतो असें नव्हे. परतफेडीची अपेक्षाही येते. गटाचें नांव हें एका अर्थीं हुंडीसारखें आहे: ती वटेल असें धरून आपण चालतों. जर्मनींतील आमेली मुमेन्डे यांनीं आणखी निराळी गोष्ट पाहिली. गुण किंवा पैसे यांच्याऐवजीं कांहीं त्रासदायक वस्तु, उदाहरणार्थ कर्कश आवाज, दोन गटांत वांटावयास दिल्या, तर हा पक्षपात सहसा दिसत नाहीं. चांगली वस्तु आपल्यांना जास्त देणारा हातही वाईट वस्तु परक्याला जास्त देतांना कचरतो.

असें असेल, तर मग या दोन संघांच्या सामन्यांत जें ऐकूं येई त्याचा अर्थ काय लावावा? १९५८ सालच्या फेब्रुवारींत म्युनिक येथें मँचेस्टरच्या संघाचें विमान उड्डाण करतांना कोसळलें आणि २३ माणसें दगावलीं. त्यांत आठ खेळाडू होते. १९८९ च्या एप्रिलमध्यें शेफील्ड शहरांतील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे पाठीराखे चिरडले गेले. त्या दुर्घटनेच्या बळींची संख्या ९७ आहे. पुढें अनेक वर्षें एकमेकांचीं हीं मढीं उकरून काढणारीं गाणीं दोन्हीकडच्या कांहीं पाठीराख्यांनीं मैदानांत म्हटलीं आहेत. म्युनिकमध्यें जखमी झालेला मँचेस्टरचा व्यवस्थापक मॅट बस्बी हा तरुणपणीं लिव्हरपूलच्या संघाचा कर्णधार होता, ही गोष्ट त्या गाणाऱ्यांना ठाऊक होती कीं नाहीं कोण जाणे.

येथें आपल्यांना झुकतें माप एवढ्यानें भागत नाहीं. हा उघड द्वेष आहे, आणि ताशफेलच्या पट्टीवरून तो थेट निघत नाहीं. अमेरिकेंतील मॅरिलिन ब्रूअर यांनीं १९९९ सालच्या आपल्या लेखांत हेंच बजावलें आहे: आपल्यांवरील प्रेम आणि परक्यांचा द्वेष हीं एकाच नाण्याच्या दोन बाजू नव्हत, एक दुसऱ्यावांचून खुशाल राहूं शकतें. पहिल्यांतून दुसरें उपजण्यास कांहीं भर पडावी लागते. परक्यामुळें आपल्याला धोका आहे असें वाटावें लागतें, किंवा आपल्या नीतिनियमांपेक्षां त्याचे हीन आहेत अशी खात्री व्हावी लागते, किंवा कोणा पुढाऱ्याला त्या भांडणांत आपला लाभ दिसावा लागतो. दोन गटांच्या मधलें भिंतीसारखें अंतर किती पक्कें आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असतें.

या शेवटच्या मुद्द्याचें उदाहरण शोधण्यास मुंबईबाहेर जावयास नको. १९१२ पासून येथें जी चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट-स्पर्धा होत असे, तींत संघ शहरांचे नव्हते. हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि इतर असे ते होते. गर्दी अलोट जमे, खेळही उत्तम होई. परंतु मँचेस्टरचा सदरा घरीं काढून ठेवतां येतो आणि वाटेवरील विद्यार्थ्याला ‘तूं फुटबॉलचा’ असें म्हणून थोड्या वेळापुरतें कुंपणाबाहेर काढतां येतें. ज्या संघाचें सभासदत्व जन्मानेंच मिळालेलें असतें, त्याच्या पाठीराख्याला ‘तूं क्रिकेटचा’ एवढेंच म्हणून तसें बाहेर काढणें किती कठीण, हें १९४० च्या डिसेंबरांत गांधीजींनीं या स्पर्धेविषयीं नापसंती व्यक्त केली तेव्हां निघालेल्या वादांत दिसून आलें. स्पर्धा त्यानंतरही चालूच राहिली आणि १९४६ च्या आरंभीं तिचा शेवटचा सामना झाला. पुढें प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा तेवढी उरली. त्या स्पर्धेंत हिंदु, पारशी आणि मुसलमान खेळाडू मुंबईच्या एकाच संघांतून खेळत असत, आणि तें पंचरंगी चालू असतांनाही घडत होतें. तोच गडी एका महिन्यांत एका संघाचा, दुसऱ्या महिन्यांत दुसऱ्याचा. पाहणारे लोकही बहुतेक तेच.